गायनॅकनं फॅमिली डॉक्टरच्या नावानं पत्र दिलं, म्हणजे आम्हाला परत पाठवलं का?

अबोली_नागपूर | २४ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचून जाते, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी ३१, नवरा ३४. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन बाळासाठी प्रयत्न करण्यात गेली. माझी पाळी ४५ ते ५० दिवसांनी येते. महालातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी धंतोलीतल्या एका गायनॅककडे पाठवलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या तपासण्या झाल्या. ३ नोव्हेंबरला मॅडमनी पूर्ण फाइल बघितली, शांतपणे बोलल्या. आता गोळ्या लिहून देणार असं वाटत होतं, तर त्यांनी एक बंद पाकीट हातात दिलं. वर फॅमिली डॉक्टरांचं नाव. "हे त्यांना दाखवा, मग या."

मला रडूच आलं. वाटलं, केस हाताबाहेरची असेल म्हणून जिथून आलो तिथंच पाठवलं. पाकीट तीन आठवडे कपाटात साड्यांखाली पडून आहे. आज दुपारी घरी कोणी नव्हतं तेव्हा उघडलं. इंग्रजीत आहे, जमेल तसं मराठीत टाइप करते, नावं गाळून:

"पाठवल्याबद्दल आभार. प्रायमरी इन्फर्टिलिटी, दोन वर्षं. सायकल ४५ ते ५० दिवस, बीएमआय २८. आपल्याकडून बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरी पीसीओ, गर्भाशय नॉर्मल. एएमएच ८.४. टीएसएच, प्रोलॅक्टिन, शुगर नॉर्मल. एचएसजीत दोन्ही ट्यूब मोकळ्या. आपल्याकडे केलेलं दिवस २१ चं प्रोजेस्टेरॉन ०.६, सायकलची लांबी बघता त्याचा अर्थ लावता येत नाही. रुबेला आयजीजी निगेटिव्ह.

पती: ८ ऑक्टोबरचं सीमेन, ९ मिलियन प्रति एमएल, प्रोग्रेसिव्ह हालचाल १८ टक्के. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू, ॲडमिट होते.

मत: पीसीओएस, ओव्ह्युलेशन होत नाही. पुरुष घटक आत्ता ठरवता येत नाही.

प्लॅन: लेट्रोझोल २.५, दिवस २ ते ६, सोबत फॉलिक्युलर स्टडी.

आपल्याला विनंती: टेल्मिसार्टन बदलून द्यावी. एमएमआरचा एक डोस द्यावा, त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी. पतीला टेस्टोस्टेरॉन किंवा तत्सम इंजेक्शन देऊ नये, सीमेन डिसेंबरच्या मध्यावर त्याच लॅबमध्ये पुन्हा. फॉलिक ॲसिड सुरू करावं. हे झाल्यावर पाळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाठवावं."

आता मला सांगा, हे परत पाठवणं आहे का? आणि नवरा म्हणतो हे पत्र द्यायचंच नाही. डॉक्टर सासऱ्यांचे मित्र आहेत, रोज सकाळी दोघं सोबत चहा पितात. त्याचा रिपोर्ट त्या चहाच्या टेबलावर नको, असं त्याचं म्हणणं.

खडखड्या | रात्री ११.२४

तीन आठवडे साड्यांखाली! बाप्पा, आंबे ठेवले असते तर पिकले असते.

मस्करी सोड ताई. मले डॉक्टरीतलं काही समजत नाही, पण शेवटची ओळ वाच ना. "माझ्याकडे पाठवावं" लिहिलं आहे. जिले पिच्छा सोडवायचा असते ते असं लिहिते का?

सुजाता_काकू | रात्री ११.४०

अबोली, रेफर लेटर असेल तर त्यावर गोल शिक्का आहे का ते आधी बघ बाई. आणि किती दिवस चालतं तेही विचार. आमच्या ह्यांच्या रेल्वेच्या सर्व्हिसमध्ये शिक्का पुसट होता म्हणून गुडघ्याचं आख्खं बिल परत आलं होतं. तीन आठवडे म्हणजे मुदत संपली असेल, नवीन करून घे.

अबोली_नागपूर | रात्री ११.४६

काकू, बिलाचं नाही हो हे. डॉक्टरनं डॉक्टरला लिहिलेली चिठ्ठी आहे साधी.

प्रज्ञा_व | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी यातून गेलेय म्हणून सांगते. एएमएच ८.४ म्हणजे अंडी भरपूर आणि चांगली, त्याचं टेन्शनच नाही. माझं ०.९ होतं, मला विचार काय असतं टेन्शन. दुसरं, टेल्मिसार्टन आज रात्रीपासून बंद कर. गरोदरपणात ती गोळी बाळाच्या किडनीला घातक असते, मला माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नवऱ्याचा काउंट ९ असेल तर लेट्रोझोलमध्ये वेळ घालवू नकोस, सरळ आयव्हीएफ.

डॉ_वैदर्भी | सकाळी ८.०५

मी गायनॅकच आहे, नागपुरात नाही, जवळच्या एका जिल्ह्यात. ओपीडीला निघायच्या आधी घाईत लिहितेय.

अबोली, गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. प्रज्ञाताईंनी धोका बरोबर सांगितला, उपाय चुकला. टेल्मिसार्टननं बाळाच्या किडनीला इजा होते, गर्भाभोवतीचं पाणी कमी होतं, हे खरं. हा त्रास मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढचा. पण तुझी पाळी पन्नास दिवसांवर जाते. पाळी चुकली हेच तुला उशिरा कळणार, म्हणून गोळी दिवस राहण्याच्या आधीच बदलायची. बदलायची म्हणजे दुसरी सुरू करून ही थांबवायची. बहुधा लॅबेटालॉल देतील, नाहीतर निफेडिपिनची लाँग ॲक्टिंग गोळी. नुसती बंद केलीस तर बीपी वर जाईल, आणि वर गेलेल्या बीपीत कोणी लेट्रोझोल सुरू करणार नाही.

हे काम तुझ्या मॅडमनी स्वतः का नाही केलं, असं वाटत असेल. नवीन गोळीचा डोस बसायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्या काळात चार वेळा बीपी मोजून घ्यावं लागतं. महालातून धंतोलीला तू चार वेळा जाशील का? शिवाय गोळी फॅमिली डॉक्टरांनी सुरू केलेली. त्यांना न सांगता मी ती बदलली, तर पुढच्या महिन्यात ते जुनीच परत लिहून देतात. हे मी स्वतः भोगलंय.

एएमएचचं: तो आकडा अंड्यांची संख्या सांगतो, प्रत नाही. पीसीओएसमध्ये तो वर असतोच. तुझ्याकडे माल भरपूर आहे, दर महिन्याला एक पिकून बाहेर पडत नाही एवढीच अडचण. लेट्रोझोल त्यासाठीच.

निवृत्त_कंपाउंडर | सकाळी ९.३०

३४ वर्षं एका जनरल प्रॅक्टिशनरकडे काढली, म्हणून सांगतो. स्पेशालिस्टांची पत्रं यायची, डॉक्टरसाहेब वाचायचे आणि डाव्या ड्रॉवरमध्ये टाकायचे. ड्रॉवर भरला की मी गठ्ठा बांधून माळ्यावर. काम कोणत्या पत्राचं व्हायचं? पेशंट समोर बसून "साहेब, यातलं तुमच्याकडचं काय?" असं विचारायचा त्याचं. पत्र बोलत नाही, पेशंटला बोलावं लागतं.

तेव्हा दोन गोष्टी कर. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव. आणि लस दिली की त्याच पत्राच्या मागं तारीख, लसीचं नाव आणि सही मागून घे. पुढं तुझ्या मॅडम "लस कधी घेतली?" म्हणून विचारतील, तेव्हा "नोव्हेंबरच्या शेवटी कधीतरी" हे उत्तर चालत नाही. महिना मोजायचा असतो.

अबोली_नागपूर | सकाळी ११.०२

वैदर्भीताई, खूप बरं वाटलं. म्हणजे हे परत पाठवणं नाही, कामं वाटून दिलीत. पण लस कशाला? मला लहानपणच्या सगळ्या लसी दिल्यात, आईनं कार्ड जपून ठेवलंय.

डॉ_वैदर्भी | दुपारी २.२०

रुबेला आयजीजी निगेटिव्ह म्हणजे तुझ्या अंगात रुबेलाविरुद्ध संरक्षण नाही, आणि एमएमआरमध्ये रुबेलाची लस असते. आईचं कार्ड काढ आणि बघ. बहुधा त्यात "गोवर" असेल, रुबेला नसेल. तुझ्या वयाच्या मुलींच्या वेळी सरकारी लसीकरणात रुबेला नव्हतीच. आपल्याकडे शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती २०१८ च्या नोव्हेंबरात, आणि तीही १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तू तेव्हा पदवी घेऊन मोकळी झाली असशील.

रुबेला तुला झाला तर अंगावर पुरळ आणि दोन दिवस ताप, एवढंच. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान. लस जिवंत विषाणूची असते, म्हणून गरोदर बाईला देत नाहीत आणि दिल्यावर महिनाभर थांबायला सांगतात. म्हणजे हा एक महिना तुझ्या प्लॅनमध्ये धरलेलाच आहे, आणि तो लस टोचल्या दिवसापासून सुरू होतो, पत्राच्या तारखेपासून नाही. ३ तारखेला लस घेतली असतीस तर ३ डिसेंबरला मोकळी होतीस. रागवत नाहीये, फक्त हिशेब दाखवतेय.

आणि इंजेक्शनच्या आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून घे. पन्नास दिवसांच्या सायकलमध्ये "पाळी आली नाही" यावरून काही कळत नाही.

बर्डीचा_केमिस्ट | दुपारी ३.१५

लेट्रोझोलबद्दल एक अनुभव. माझ्याच काउंटरवर, साताठ वर्षांपूर्वी, एक मुलगी चिठ्ठी घेऊन आली आणि मी आगाऊपणानं बोलून गेलो, "ताई, ही तर कॅन्सरची गोळी आहे." बिचारी तिथंच पांढरी पडली. गोळ्या न घेता गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी मला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

माझं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हीच २.५ ची गोळी रोज, वर्षानुवर्षं चालते. २०११ मध्ये आपल्या सरकारनं वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीसुद्धा घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. आमच्या डोक्यात बंदीच बसलेली. तुमच्यासाठी ती महिन्यातून फक्त पाच दिवस असते. कोणी काउंटरवर असं काही बोललं तर घाबरू नका, माझ्यासारखा असेल.

प्रज्ञा_व | दुपारी ३.४०

मग जुनी क्लोमिफेन काय वाईट होती? माझ्या बहिणीला त्याच गोळीवर मुलगा झाला.

डॉ_वैदर्भी | दुपारी ४.१०

वाईट नाही, आजही देतो कधीकधी. पण २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० बायकांवर दोन्हींची तुलना झाली. लेट्रोझोलवर २७.५ टक्के बायकांना मूल झालं, क्लोमिफेनवर १९.१. तेव्हापासून पहिली पसंती लेट्रोझोलला. हे आकडे नीट बघा, चांगल्या गोळीवरही पाच सायकलींत दहापैकी तीनजणीसुद्धा नाहीत. पहिल्या महिन्यात जमलं नाही तर अबोली पुन्हा पाकीट साड्यांखाली ठेवेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मोगरा२२ | दुपारी ४.५५

थोडं विषयांतर. माझंही दिवस २१ चं प्रोजेस्टेरॉन कमी आलं होतं, त्यावरून सहा महिने गोळ्या खाल्ल्या. माझी सायकल ३८ दिवसांची. तर त्या पत्रातलं "अर्थ लावता येत नाही" म्हणजे काय?

डॉ_वैदर्भी | सायं. ५.१५

ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते, कारण अंडं फुटल्यावर आठवड्याभरानं प्रोजेस्टेरॉन सगळ्यात वर असतं. २८ दिवसांच्या सायकलमध्ये तो दिवस येतो २१ वा, म्हणून ते नाव पडलं. ३८ वाल्या बाईचा तो दिवस ३१ वा. अबोलीची सायकल ४८ ची धरली तर ४१ वा. २१ व्या दिवशी रक्त काढलं तर तिचं अंडं अजून फुटलेलंच नसणार, मग ०.६ येणारच. त्यातून "ओव्ह्युलेशन होत नाही" सिद्ध होत नाही आणि "होतं" हेही नाही. तिच्या बाबतीत निदान लांब सायकल आणि सोनोग्राफीवर झालंय, त्या आकड्यावर नाही.

निवृत्त_कंपाउंडर | सायं. ५.३०

"आपल्याकडे केलेलं... अर्थ लावता येत नाही." स्पेशालिस्टांची सभ्य शिवी आहे ही. आमच्या साहेबांना अशी ओळ आली की त्या दिवशी चहा गार व्हायचा.

बुटीबोरी_शिफ्टवाला | रात्री १०.४०

शिफ्ट सुटल्यावर वाचून राहिलो. बायकांच्या धाग्यात लिहू का नको विचार केला, पण ते टेस्टोस्टेरॉनवालं वाक्य वाचून राहवलं नाही.

मी जिमला जायचो. ट्रेनरनं "पॉवर वाढते" म्हणून इंजेक्शनं दिली, आठवड्याला एक, पाच महिने. दंड झाले मस्त. लग्न झालं, दीड वर्ष काही नाही. मला वाटायचं दोष तिच्यात आहे, आपण तर पहेलवान. टेस्ट केली तर काउंट शून्य. कमी नाही भाऊ, शून्य. लॅबवाल्यानं दुसऱ्यांदा मागवलं, तरी शून्य. इंजेक्शनं बंद केली, यूरॉलॉजिस्टकडे गेलो, नऊ-दहा महिन्यांनी १४ वर आला. आता मुलगी आहे.

डॉक्टरनं समजावलं ते असं: बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटते माल भरपूर आहे, तो खालच्या कारखान्याला ऑर्डर पाठवणं बंद करते. मर्दानगीच्या इंजेक्शननंच कारखाना बंद पडते. तुमच्या मॅडमनं ते उगाच नाही लिहिलं.

खडखड्या | रात्री १०.५२

शिफ्टवाल्या, तुले सलाम. आणि हे उन्हाळ्याचं पण खरं आहे का बे, गरमीनं काउंट कमी होते? मग मे महिन्यात आख्ख्या नागपुरात पाळणे रिकामे पाहिजेत. इथं तर फेब्रुवारीत बारशाची लाइन लागते.

डॉ_वैदर्भी | २६ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

खडखड्या, कूलरची कृपा. भट्टीजवळ रोज आठ तास उभं राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा. पण अबोलीच्या नवऱ्याच्या बाबतीत गरमी आतली होती, डेंग्यूची.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. ८ ऑक्टोबरला जो नमुना दिला त्यातले जंतू जुलैच्या शेवटापासून बनत होते, आणि अर्ध्या वाटेवर त्यांना १०३-१०४ ताप सापडला. खालची सीमा १६ मिलियनची धरतात, त्याचे ९ आले. पण ते ९ तापाचे आहेत की त्याचे स्वतःचे, हे या नमुन्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच "ठरवता येत नाही". तीन महिने गेले की तापाच्या वेळची बॅच संपते, म्हणून डिसेंबरचा मध्य. दोन ते सात दिवसांचा परहेज, आणि लॅब तीच, कारण मोजणाऱ्याचा हात बदलला तरी आकडा बदलतो.

ताप आलेल्या माणसाच्या एका रिपोर्टवर आयव्हीएफला जाऊ नका, प्रज्ञाताई. डिसेंबरातही ९ च आले तर मात्र विचार बदलेल, हे मान्य.

नीलिमा_ख | सकाळी ९.१०

सगळे डॉक्टरीत शिरलात, पण नवऱ्याच्या मुद्द्यावर कोणीच बोलत नाही. बायकोच्या पत्रात नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट आकड्यांसकट लिहिण्याआधी त्याला विचारलं होतं का? तोही पेशंट आहे. आणि तो रिपोर्ट कोणाकडे जातोय, तर वडिलांसोबत चहा पिणाऱ्याकडे. मी त्याच्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

निवृत्त_कंपाउंडर | सकाळी ९.४५

ताई, फॅमिली डॉक्टरच्या पोटात काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या साहेबांना आख्ख्या गल्लीची गुपितं माहीत होती. मेले तेव्हा सोबत घेऊन गेले.

नीलिमा_ख | सकाळी ९.५२

तुमचे साहेब असतील तसे. आणि साहेबांच्या शेजारी बसलेल्या कंपाउंडरच्या पोटाचं काय? तुम्ही तर गठ्ठे बांधत होता.

निवृत्त_कंपाउंडर | सकाळी १०.०३

😄 हरलो.

डॉ_वैदर्भी | दुपारी १.३०

नीलिमा बरोबर बोलतेय. मी दोघांना समोर बसवून विचारते, आणि नको म्हटलं तर दोन वेगळी पत्रं करते. पण खरं सांगू, वेगळी पत्रं केली की नवऱ्याचं पत्र कधीच पोचत नाही. बायका पत्र देतात, पुरुष खिशात ठेवून धुवायला टाकतात. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

अबोली, नवऱ्याला एवढंच सांग की त्यानं स्वतः जावं आणि दार लावल्यावर डॉक्टरांना म्हणावं, "बाबांना यातलं काही कळता कामा नये." हे सांगायचा त्याला हक्क आहे आणि ते पाळायला डॉक्टर बांधील आहेत.

अबोली_नागपूर | ३० नोव्हेंबर, रात्री ९.२०

उशिरा लिहितेय, पण बरंच झालंय.

गुरुवारी, २७ ला, संध्याकाळी दोघंही गेलो. नवरा तयार नव्हता. त्याला शिफ्टवाल्या दादांची पोस्ट वाचायला दिली. वाचून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, एक सांगायचं राहिलंय.

१० नोव्हेंबरला तो एकटाच डॉक्टरांकडे गेला होता. रिपोर्ट आल्यापासून त्याला अशक्तपणा वाटत होता, "ताकदीचं काहीतरी द्या" म्हणाला, आणि त्यांनी एक इंजेक्शन दिलं. दुसरं पंधरा दिवसांनी घ्यायचं होतं, शिफ्टमुळे जमलं नाही म्हणून राहिलं. त्याच्या चिठ्ठीवर नाव होतं टेस्टोस्टेरॉन २५०. त्या दिवशी माझं पाकीट साड्यांखाली पडून एक आठवडा झाला होता.

डॉक्टरांनी पत्र चष्मा कपाळावर ढकलून वाचलं, तारीख बघितली, आणि म्हणाले, "हे मला तीन तारखेला मिळालं असतं तर." एवढंच बोलले. मला वाटतं त्यांनाही लागलं. नंतर त्यांनी स्वतः मॅडमना फोन लावला, आमच्या समोर.

माझं बीपी १४२/९४ होतं. लॅबेटालॉल १०० सकाळ-संध्याकाळ सुरू केली, टेल्मिसार्टन थांबवली, दर चार दिवसांनी बीपी दाखवायचं. लघवीची टेस्ट निगेटिव्ह, मग एमएमआर. पत्राच्या मागं तारीख आणि सही घेतली, कंपाउंडरकाका. म्हणजे २७ डिसेंबरपर्यंत थांबायचं. फॉलिक ॲसिड ५ ची दिली.

आता वैदर्भीताई, त्या एका इंजेक्शननं कितपत बिघडलं असेल?

डॉ_वैदर्भी | रात्री १०.०५

एकाच इंजेक्शननं शून्यावर जाण्याची शक्यता कमी, आणि जे काही खाली येईल ते बहुतेक वर येतं. शिफ्टवाल्यानं पाच महिने घेतली होती. पण डिसेंबरच्या मध्याचा नमुना आता वाचता येणार नाही. कमी आलं तर डेंग्यूचं की इंजेक्शनचं, परत तोच घोळ. मॅडम काय म्हणाल्या?

अबोली_नागपूर | रात्री १०.१४

नमुना फेब्रुवारीच्या मध्यावर ढकलला. लेट्रोझोलचं अजून ठरलं नाही. डॉक्टर फोनवर म्हणत होते जानेवारीत सुरू करून टाका, वेळ कशाला घालवायचा. मॅडमचं म्हणणं, रिपोर्ट हातात नसताना सायकली जाळायच्या का. पुढच्या पाळीला दुसऱ्या दिवशी बोलावलंय, तेव्हा ठरेल.

डॉ_वैदर्भी | रात्री १०.३०

मी सुरू केलं असतं. ९ मिलियनवरही दिवस राहतात, आणि सोनोग्राफीत तुला २.५ पुरते की ५ लागते एवढं तरी कळलं असतं. पण तुझं बीपी आणि तुझी फाइल त्यांच्या समोर आहे, माझ्या नाही.

प्रज्ञा_व | रात्री १०.४१

मी अजूनही म्हणेन दुसरं मत घे. पण गोळी बंद कर म्हणाले होते ते शब्द मागे घेते.

सुजाता_काकू | १ डिसेंबर, सकाळी ६.५०

मागच्या बाजूला सही घेतलीस ते छान केलंस. सहीखाली शिक्का मारला का?

अबोली_नागपूर | सकाळी ७.३०

हो काकू, मारला. गोल. 😄

पाकीट आता फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाच्या कागदाखाली लावलंय. सासूबाईंनी काल विचारलं हे कसलं. "बीपीची गोळी बदलली, त्याचं" म्हटलं. खोटं नाही ना?

खडखड्या | सकाळी ७.३३

खोटं कुठून? पहिलीच विनंती आहे ते.